‘शुक्रवारी सुट्टी नाही’ म्हटलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या: परिपाठात सुट्टीचा बदल कसा सांगावा?

खडूची_पेटी (धागा सुरू करणारी)

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते. परिपाठात मुख्याध्यापिका बाई ज्या सूचना सांगतात, त्या बऱ्याचदा मी लिहून देते. २०२५ च्या सप्टेंबरात लिहिलेली एक सूचना अजून मनातून जात नाही. पुन्हा अशी वेळ येणार हे नक्की, म्हणून इथे विचारते आहे.

तेव्हा काय झालं होतं ते आठवत असेल. ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती. शनिवारी ६ तारखेला अनंत चतुर्दशी. दोन्ही मिरवणुका लागोपाठ येऊ नयेत म्हणून ईदची मिरवणूक सोमवारी काढायचं ठरलं आणि शासनाने मुंबई शहर आणि उपनगरासाठी सुट्टी सोमवारी, ८ तारखेला नेली. मुलांना सांगायला आमच्या हातात गुरुवारचा परिपाठ तेवढा होता. मी बाईंना हे लिहून दिलं:

“विद्यार्थी मित्रांनो, शासनाच्या परिपत्रकानुसार शुक्रवार दिनांक ५ सप्टेंबर रोजीची ईद-ए-मिलादची सार्वजनिक सुट्टी रद्द करण्यात आली असून ती सोमवार दिनांक ८ सप्टेंबर रोजी देण्यात येत आहे, तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी.”

बाईंनी वाचलं. मुलं गप्प. मग त्यांनीच सोपं करून सांगितलं, “म्हणजे काय, शुक्रवारी सुट्टी नाही.” ‘शुक्रवारी सुट्टी’ एवढं ऐकताच मैदानभर “हेऽऽ” झालं, टाळ्या वाजल्या. ‘नाही’ कुणाच्या कानावर गेलंच नाही. त्यावर लगेच शिक्षक दिनाची सूचना झाली, दहावीची मुलं वर्ग घेणार वगैरे.

शुक्रवारी माझ्या वर्गात चाळीसपैकी तेवीस मुलं आली. त्यातल्या सहा जणांकडे दप्तर नव्हतं, कारण ‘आज शिक्षक दिन आहे ना’. आणि सोमवारी सकाळी एक मुलगी आजोबांचा हात धरून बंद फाटकापाशी उभी होती, असं शिपाईमामांनी सांगितलं. ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

ही सूचना कशी असायला हवी होती?

---

गिरगाव_चौपाटी

ताई, हा सगळा घोळ तारखांवर जोर न दिल्यामुळे होतो. वार, दिनांक, महिना, तिन्ही स्पष्ट सांगायचे आणि दोनदा सांगायचे. आकड्यात शंका राहत नाही. आणि ही सुट्टी राज्यभरच हलवली होती, तेव्हा घरच्यांना टीव्हीवरून कळायला हवं होतं. शाळेने किती करायचं?

---

चेकनाक्यापलीकडे

राज्यभर नव्हती हलवली. फक्त मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे. बाकी सगळीकडे ५ तारखेलाच होती. मी ठाण्यात राहतो, माझी मुलगी ठाण्यातल्या शाळेत आणि पुतण्या मुलुंडला. दोन शाळांमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर. शुक्रवारी मुलीला सुट्टी, पुतण्याला शाळा. सोमवारी बरोबर उलटं. टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती ‘ईदची सुट्टी सोमवारी’, आणि आमच्या घरात सकाळी सात वाजता वाद की ही पट्टी कोणासाठी.

त्यामुळे मुलांना सांगताना ‘आपल्या शाळेत’ हा शब्द हवाच. शेजारचा मुलगा घरी दिसला की आपलं मूलही म्हणतं, बघ, सुट्टी आहे.

---

जुने_हेडसर

सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत तीस वर्षं काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. खडूची पेटी, तुमची चूक झाली ती तारखेत नाही, वाक्याच्या घडणीत आहे.

मराठीत ‘नाही’ शेवटी येतं. ‘शुक्रवारी सुट्टी नाही’ या तीन शब्दांत मुलाला हवा असलेला शब्द दुसरा आहे आणि नको असलेला तिसरा. दुसरा ऐकल्याबरोबर पोरं ओरडणार. त्यात त्यांचा काही दोष नाही, सुट्टी शब्दाचा तो गुणच आहे. कागदावर वाचताना डोळा शेवटपर्यंत जातो. मैदानावर कान मध्येच थांबतो.

म्हणून माझा एक नियम होता. ज्या दिवशी शाळा आहे, त्या दिवसाच्या वाक्यात ‘सुट्टी’ हा शब्दच आणायचा नाही. ‘शुक्रवारी शाळा आहे.’ संपलं. याच्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही आणि शेवटचा शब्द पहिल्या दोन शब्दांना फिरवत नाही. ‘रद्द’, ‘ऐवजी’, ‘बदलून’, ‘पुढे ढकलली’ हे शब्दही तसेच. ‘पाच ऐवजी आठ’ म्हटलं की मुलाला दोन आकडे एकदम डोक्यात धरावे लागतात आणि कुठला सोडायचा ते ठरवावं लागतं. सात वर्षांचं मूल पहिला ऐकलेला धरून ठेवतं.

गिरगाव चौपाटी यांचं म्हणणं सूचना वहीसाठी अगदी बरोबर आहे. तिथे वार, दिनांक, महिना सगळं पाहिजे. दहावीच्या मुलालाही तारीख हवी, कारण तो लिहून घेतो. पण दुसरीचं मूल तारखेत जगत नाही, ते वारात आणि ‘उद्या’त जगतं. त्याला ‘आठ सप्टेंबर’ म्हणजे कधी, हे बोटं मोजूनही सांगता येत नाही. ‘सोमवार’ म्हणजे कोणता दिवस, हे येतं.

---

एकोणतीसची_बाई

हेडसरांच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली आणि शासनाने मिरवणुकीसाठी २९ ची सुट्टी जाहीर केली. आमच्या सरांनी माईकवरून ‘एकोणतीस तारखेला शाळा बंद’ असं स्वच्छ सांगितलं. आमचा स्पीकर घुमतो. मुलांनी ‘तीस’ ऐकलं. पाचवीतल्या मुलांनीसुद्धा. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे गणिताच्या तासाला ठीक आहे, पण कानाला शेवटचं ‘तीस’च लागतं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मी विरोधात होते, अजूनही आहे, पण त्यामागची अडचण खरी आहे हे त्या दिवशी पटलं.

आकडा सांगावाच लागला तर मी आता म्हणते, “एकोणतीस, म्हणजे दोनावर नऊ,” आणि पाटीवर लिहून वर धरते.

---

कोकणातली_आई

दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा बदलल्या आहेत का? आम्ही गावच्या गाडीचं रिझर्वेशन आधीच केलं आहे, आता रद्द केलं तर पैसे जातात. शाळांनी वर्षाच्या सुरुवातीला दिलेलं वेळापत्रक पाळायला हवं. त्या सप्टेंबरात तर आम्ही गणपतीला गावीच होतो. गौरी-गणपती विसर्जन २ तारखेला झालं, ५ ला शाळा बंद म्हणून परतीचं तिकीट शुक्रवारचं काढलं होतं. मुलाचा दिवस बुडाला आणि कारण विचारलं तर म्हणे, परिपाठात सांगितलं होतं.

---

खडूची_पेटी

कोकणातली आई, दिवाळीच्या तारखांबद्दल मला काही माहिती नाही, हा धागा त्या सप्टेंबरातल्या सुट्टीबद्दल आहे. पण तुम्ही जे शेवटी लिहिलं आहे ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या वर्गातली जी सतरा मुलं शुक्रवारी आली नाहीत, त्यातली किती ‘ऐकून चुकली’ आणि किती गुरुवारी शाळेतच नव्हती, हे मी कधी वेगळं मोजलं नाही. आज हजेरीपत्रक काढून पाहिलं. नऊ मुलं गुरुवारीही गैरहजर होती. गणपतीहून परतलीच नव्हती. बाई कितीही छान बोलल्या असत्या तरी त्यांना कळणार नव्हतं.

---

जुने_हेडसर

हे फार चांगलं केलंत. परिपाठाची सूचना फक्त मैदानावर उभ्या असलेल्या मुलांसाठी असते. त्या दिवशीची गैरहजेरी हाच वर्गशिक्षकांचा फोन करायचा कागद. घोषणा झाली की पहिल्या तासाला हजेरी घेताना लाल खूण करत जायचं आणि मधल्या सुट्टीत फोन लावायचे. नऊ फोनला वीस मिनिटं लागतात.

आता राहिलेली आठ मुलं. ती ऐकून चुकली. त्यांच्यासाठी सूचना नीट करू.

---

गिरगाव_चौपाटी

दोन जिल्ह्यांचं मला माहीत नव्हतं, चेकनाक्यापलीकडे यांचे आभार. पण मग एक विचारतो. शुक्रवार भरला तर त्या बदल्यात शाळेला दिवस वाढवून मिळतो का? वर्षाच्या ७६ सुट्ट्यांचा हिशेब असतो ना?

---

एकोणतीसची_बाई

एक दिवस भरला, एक बंद राहिला. बेरीज तीच राहते. मुलांना यातलं काही सांगायची गरज नाही.

---

जुने_हेडसर

माझा मसुदा देतो. बाईंनी हा वाचायचा नाही, बोलायचा आहे. मुलांना आधी खाली बसवा. उभ्या रांगेत पाय दुखत असताना कान बंद होतात.

“मुलांनो, आज कोणता वार? (मुलं सांगतील: गुरुवार.) उद्या कोणता वार? (शुक्रवार.)

उद्या शुक्रवारी आपली शाळा आहे. रोजच्या वेळेला यायचं. दप्तर आणायचं. डबा आणायचा.

आता बोटं वर करा. शुक्रवार, शाळा. शनिवार, बंद. रविवार, बंद. सोमवार, बंद. मंगळवार, पुन्हा शाळा.

सोमवारी सुट्टी आहे! (ओरडू द्या. हात वर करून गप्प होईपर्यंत थांबा.)

आता सांगा, उद्या काय आणायचं? (दप्तर.)

घरी गेल्यावर आईबाबांना एवढंच सांगा: उद्या शाळा, सोमवारी सुट्टी. म्हणा माझ्याबरोबर.”

एका मिनिटाच्या आत होतं. यात तारीख नाही, परिपत्रक नाही, रद्द नाही. आनंदाची गोष्ट मुद्दाम नंतर ठेवली आहे, म्हणजे तिच्या आरड्यात कामाची गोष्ट बुडत नाही. आणि आरडा शांत झाल्यावर पुन्हा दप्तर, कारण मूल मैदानावरून उठताना शेवटचं ऐकलेलं घेऊन जातं. तुमच्याकडे ते शेवटचं शिक्षक दिनाचं होतं, म्हणून सहा मुलं दप्तराशिवाय आली. शिक्षक दिनाची सूचना वर्गात जाऊन वेगळी सांगायला हवी होती. एका परिपाठात दिवसांबद्दलची एकच गोष्ट.

---

चेकनाक्यापलीकडे

सर, ‘परवा’ टाळलंत ते बरं केलंत. आमच्याकडे एका सूचनेत ‘परवा शाळा बंद’ होतं. परवा होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. मुलगी म्हणाली, “परवा तर आपण गेलो होतो की शाळेत.”

---

नूरची_अम्मी

मी बराच वेळ वाचते आहे. माझा मुलगा अशाच एका मराठी शाळेत तिसरीत आहे. मसुदा छान आहे, पण एक गोष्ट सुटली आहे. कारण.

त्या गुरुवारी माझ्या मुलाच्या वर्गात कुणीतरी सांगितलं की ‘ईद सोमवारी गेली’. तो रडत घरी आला. आमच्या घरी ईद शुक्रवारीच होती. मिरवणूक सोमवारी गेली होती आणि सुट्टी सोमवारी गेली होती, ईद नव्हे. ती चंद्रावर ठरते, परिपत्रकावर नाही. शुक्रवारी घरात शिरखुर्मा होता आणि मुलगा शाळेत जाऊ की नको म्हणून दाराशी उभा होता. मी त्याला घरी ठेवलं. नंतर वाटत राहिलं की हजेरीत लाल शेरा पडला असेल.

शाळेने दोन वाक्यं सांगितली असती तर बरं वाटलं असतं.

---

खडूची_पेटी

नूरची अम्मी, माझ्या वर्गातही दोन मुलं आहेत. शुक्रवारी ती आली नाहीत आणि मी त्यांना ‘सूचना न कळलेल्या’ मुलांत धरलं होतं. त्यांना सूचना नीट कळली होती. घरी सण होता म्हणून ती आली नव्हती. म्हणजे आठातली दोन ही. वाईट वाटतं आहे.

हेडसर, हे मसुद्यात कुठे बसेल?

---

जुने_हेडसर

नूरच्या अम्मींचं शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या गावाकडे हा प्रसंग असा आला नव्हता, म्हणून मला सुचलं नाही. बोटांच्या मोजणीनंतर हे घाला:

“उद्या ईद आहे. ज्यांच्या घरी ईद आहे, त्यांना सगळ्यांनी ईद मुबारक म्हणा. ईदची मिरवणूक सोमवारी आहे, म्हणून शाळा सोमवारी बंद. उद्या ज्यांना घरी सणाला थांबायचं आहे, त्यांनी आज वर्गात बाईंना सांगून ठेवा.”

शेवटच्या वाक्याला बाईंची संमती लागेल. ती वर्गशिक्षकांनी परस्पर द्यायची गोष्ट नाही.

---

एकोणतीसची_बाई

मला पटत नाही. अम्मींची भावना पूर्ण समजते, पण ‘उद्या ईद’, ‘उद्या शाळा’, ‘घरी थांबायचं असेल तर’ हे तीन धागे दुसरीच्या मुलाने एका मिनिटात सांभाळायचे? ‘घरी थांबा’ ऐकून बाकीची मुलंही थांबतील. ते वाक्य मी मैदानावर नाही सांगणार. ज्यांच्या घरी ईद आहे, त्यांच्या पालकांना वर्गशिक्षकांनीच फोन करावा. ईद मुबारक मात्र मैदानावर, सगळ्यांसमोर.

---

नूरची_अम्मी

फोन आला तर मला चालेल. पण वर्गासमोर ‘तुमच्यासाठी वेगळं’ असं होऊ नये. मैदानावर सगळ्यांना सांगितलं की ती सगळ्यांची गोष्ट होते. दोन्ही बाजू आहेत खरं.

---

गिरगाव_चौपाटी

कळलं का ते कसं तपासणार? परिपाठात “समजलं?” विचारलं की हजार मुलं “होऽऽ” म्हणतात.

---

जुने_हेडसर

“समजलं का” कधीच विचारू नये. त्याला होकाराशिवाय उत्तर नसतं. शेवटच्या तासाला वर्गशिक्षकाने एकेका बाकाला वेगळा प्रश्न टाकायचा: उद्या दप्तर आणायचं का? सोमवारी सकाळी तू कुठे असशील? मंगळवारी काय? चुकीचं उत्तर आलं की ते मूल कुठे अडलं ते लगेच दिसतं. ‘सोमवारी मी शाळेत’ म्हणणाऱ्या मुलाने फक्त पहिलं वाक्य धरलेलं असतं. ‘उद्या घरी’ म्हणणाऱ्याने ‘सुट्टी’ हा शब्द धरलेला असतो. पहिल्याला एकदा सांगून भागतं. दुसऱ्याच्या डायरीत लिहून सही मागवावी, कारण त्याच्या घरच्या भिंतीवरचं कॅलेंडरही त्याच्याच बाजूने आहे. तिथे ५ तारीख लालच छापलेली असते.

---

चेकनाक्यापलीकडे

रिक्षावाले काका! आमचा पुतण्या त्या शुक्रवारी तयार होऊन उभा होता, रिक्षाच आली नाही. काकांच्या रिक्षात चार मुलं ठाण्यातल्या शाळेची, दोन मुलुंडची. त्यांनी सरळ सुट्टी धरली.

---

खडूची_पेटी

हे मसुद्यात येत नाही, पण लिहून ठेवते. गुरुवारी शाळा सुटताना फाटकावर एका फळ्यावर चार चौकोन काढायचे: शुक्र शाळा, शनि बंद, रवि बंद, सोम बंद. रिक्षावाले, आजी-आजोबा सगळे तिथेच उभे असतात.

आज एक करून पाहिलं. माझ्या आताच्या वर्गात जुनी सूचना जशीच्या तशी वाचली आणि विचारलं, “तर मग शुक्रवारी काय?” बहुतेकांनी ‘सुट्टी’ म्हटलं. एकजण म्हणाला, “बाई, नोंद म्हणजे काय?” मग दुसऱ्या अर्ध्या वर्गाला, जो तेव्हा खेळाच्या तासाला बाहेर होता, हेडसरांची सूचना बोटांसकट सांगितली. सगळ्यांनी ‘शाळा’ म्हटलं. एक मुलगी मात्र म्हणाली, “शनिवार, रविवार, सोमवार बंद, मग मंगळवारी पण बंद.” बोटं मोजताना ती ‘बंद, बंद, बंद’ या लयीतच पुढे गेली. मंगळवार वेगळ्या आवाजात, जरा थांबून सांगायला हवा.

बाईंना मसुदा दाखवला. त्यांना आवडला, पण ‘शासनाच्या परिपत्रकानुसार’ काढायला त्या तयार नाहीत. म्हणतात, पालक विचारतात की कोणी बदललं. ‘घरी थांबायचं असेल तर’ या वाक्यावर अजून बोलणं व्हायचं आहे.

---

जुने_हेडसर

मंगळवारचं बरोबर पकडलंत. तिथे दुसरा हात वर करायला सांगा. चार बोटं उजव्या हाताची, मंगळवार डाव्या हाताचा.

परिपत्रक बाईंना हवंच असेल तर फाटकावरच्या फळ्याखाली चिकटवा. पालक तिथे वाचतील.

---

एकोणतीसची_बाई

आणि बालवाडी? ती मुलं मैदानावर नसतात, आमच्याकडे त्यांचा परिपाठ वर्गातच होतो.

---

खडूची_पेटी

आमच्याकडेही. त्यांच्या खिशाच्या रुमालाला कागद टाचायचा असं ठरलं आहे. ‘उद्या शाळा. सोमवारी बंद.’ एवढंच, मोठ्या अक्षरात.